624 शब्दांचे पैसे भरले, हातात 249 शब्द आले

"शब्दमर्यादा, की-वर्ड आणि क्रियापदांचा काळ, तिन्ही तपासून मिळतील." शोधनिबंधाचा सारांश, म्हणजे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, पैसे घेऊन तपासून देणाऱ्याच्या या एका ओळीवर मी भुलले. असले लोक कसे गाठतात ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे सुरुवातीची गोड बोलणी सांगत बसत नाही.

परिषदेची मर्यादा 250 शब्दांची होती आणि माझा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट 312 शब्दांचा. दर शब्दावर होता, वर तातडीचं काम म्हणून दुप्पट. म्हणजे भरले 624 शब्दांचे पैसे. आधी पैसे, मग काम. (हो, माहीत आहे.)

चाळीस मिनिटांत फाइल आली. वर्डच्या खालच्या पट्टीवर 249 चा आकडा पाहून मी खूश! मात्र ट्रॅक चेंजेस नव्हते. विचारलं तर उत्तर आलं, "क्लीन कॉपी देतो, गोंधळ होत नाही." कुठे काय बदललं हे न दाखवणाऱ्याला पुढचे पैसे कधीच देऊ नका. आणि मूळ फाइल हाताशी असेल तर वर्डमधला कंपेअर दोन मिनिटांत सगळं दाखवतो. माझ्याकडे होती. मी ते केलं नाही.

पण खरा क्षण त्यानंतरचा, आणि तो अजून डोक्यातून जात नाही. दुसऱ्याच वाक्यात ‘सॉइल वेटनेस’ दिसलं. मी आयुष्यात हा शब्द वापरलेला नाही, माझी संज्ञा ‘सॉइल मॉइश्चर’. क्षणभर थांबलेही. मग वाटलं, इंग्रजी त्यांचं चांगलं असणार, आपण कोण बोलणारे? पुढे तीच गोष्ट एकदा ‘वॉटर कंटेंट’, एकदा ‘डॅम्पनेस’ झाली होती. खाली की-वर्डच्या यादीत मात्र पहिला शब्द ‘सॉइल मॉइश्चर’ तसाच, आणि मजकुरात तो एकदाही नाही! शाळेच्या निबंधात एकच शब्द पुन्हा आला की मास्तर रागावतात. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये उलट आहे, संज्ञा एकच ठेवायची. यादीतला प्रत्येक की-वर्ड कंट्रोल-एफने मजकुरात शोधा. शून्य आलं तर काम झालेलंच नाही.

शेवटच्या रात्री परिषदेच्या पोर्टलवर मजकूर टाकला तर आकडा आला 271. वीस मिनिटं उरली होती. नंतर एकेक करून मोजलं, तेव्हा युक्ती कळली. गृहस्थांनी 17 ठिकाणी उगाच हायफन टाकून आणि 5 ठिकाणी तिरकी रेघ मारून शब्द जोडले होते. वर्ड अशी जोडी एकच शब्द मोजतो, या पोर्टलने सुटे मोजले. 249 अधिक 22, हिशेब चोख. शब्द कमी करणं म्हणजे ‘इट वॉज फाउंड दॅट’सारखी भर काढणं. त्याने 41 शब्द काढले, पुढचं काहीच काढलं नव्हतं, फक्त चिकटवलं होतं. मोजणी पोर्टलच्याच चौकटीत करून पाहा, आणि शेवटच्या रात्री नको. त्या घाईत मी 21 शब्दांचं एक वाक्य उडवलं. नेमकं मुख्य आकड्याचं.

काळाचं तर विचारूच नका. मी सर्वमान्य गोष्ट वर्तमानकाळात लिहिली होती, केलेलं मोजमाप भूतकाळात आणि निष्कर्ष पुन्हा वर्तमानात. त्याने सरसकट भूतकाळ केला. ‘सजेस्ट’चं ‘सजेस्टेड’ एकवेळ खपलं असतं. पण दुसऱ्या हंगामाची मोजणी अजून चालू होती, म्हणून माझं ‘आर बीइंग कलेक्टेड’ होतं, ते ‘वेअर कलेक्टेड’ झालं. एका क्रियापदाने मला खोटं बोलायला लावलं, आणि वर नाव माझं.

परीक्षकाने लिहिलं: दोन हंगामांची मोजणी झाली म्हणता, मग आकडा कुठे आहे? की-वर्ड मजकुरात का नाहीत? नाकारला. मार्गदर्शकांना हे सांगताना मान वर झाली नाही.

तक्रारीची कथा आणखी सुंदर. तपासणारा म्हणतो, "फाइलमध्ये 249 दिसतात ना?" बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत, सेवाही मिळाली. मी म्हटलं, सेवेनेच अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बिघडवला. उत्तर: "गुणवत्तेचा वाद आमच्या कक्षेत येत नाही." पैसे ज्या अ‍ॅपवरून गेले त्यांनी फाइलचा पुरावा मागितला. मी दोन्ही फाइली शेजारी ठेवून 22 खुणा लाल केल्या आणि पाठवल्या. चार दिवसांनी प्रश्न आला, "यात नेमकं चुकीचं काय आहे?" इंग्रजी व्याकरण बरोबर आहे म्हणे! ‘आर’चं ‘वेअर’ झाल्यावर अर्थ बदलतो हे मी तीन वेळा लिहून कळवलं, तिन्ही वेळा वेगळ्या माणसाने पहिल्यापासून विचारलं. परिषदेच्या कार्यालयाने एका ओळीत कळवलं की मजकुराची जबाबदारी लेखकाची. ते बरोबर आहे, म्हणूनच जास्त झोंबलं.

तिसरी तक्रारही काल बंद झाली. शेऱ्यात लिहिलंय, ‘समाधान झाले’.