‘काम बघायचो’ रेझ्युमेत कसं लिहायचं? लेड, ॲनलाइज्ड, बिल्ट आणि त्यांची भावंडं

सोलापुरात कुणाला ‘कामावर काय करतोस?’ असं विचारलं की ‘प्रॉडक्शन बघतो’, ‘डिस्पॅच बघतो’, ‘अकाउंट बघतो’ असं उत्तर मिळतं. बोलण्यापुरतं ते ठीक आहे. पण तोच मुलगा पुण्यातल्या नोकरीसाठी इंग्रजी रेझ्युमे लिहायला बसला की त्या ‘बघतो’चं ‘लुक्ड आफ्टर’ होतं, नाहीतर ‘हँडल्ड’ होतं, आणि भाषा जरा भारदस्त करायची ठरली तर ‘रिस्पॉन्सिबल फॉर’. तिन्हींतून एवढंच कळतं की हे काम याच्या वाट्याला होतं. त्यानं त्या कामाचं काय केलं, ते कळत नाही.

नेटवर जोरदार क्रियापदांच्या लांबलचक याद्या मिळतात. त्यांत ‘मॅनेज्ड’, ‘सुपरवाइज्ड’, ‘लेड’, ‘कोऑर्डिनेटेड’ एकाखाली एक असतात, जणू कुठलाही उचलला तरी चालेल. तसं नाही. प्रत्येक शब्दाचा दावा वेगळा आहे आणि मुलाखतीत त्यावर येणारा प्रश्नही वेगळा आहे. निवडायची सोय मात्र आपल्या मराठीतच आहे. ‘बघायचो’ हा शब्द वापरायचा नाही असं ठरवून तेच काम मराठीत बोलून बघा. करून घेतलं, जुळवून आणलं, ताडून पाहिलं, शोधून काढलं, बसवून दिलं. कामात तुमची भूमिका काय होती ते मराठीत क्रियापदाच्या शेपटीतच दिसतं. ती शेपटी धरून इंग्रजी शब्द शोधला की चूक फारशी होत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात एक तरुण तीन वर्षं शिफ्ट सुपरवायझर आहे. त्याच्याकडे १२ माग आणि ९ कामगार. त्याच्या रेझ्युमेत सध्या एकच ओळ आहे, तिचा अर्थ असा: प्रॉडक्शन, क्वालिटी आणि रिपोर्टिंगची जबाबदारी. या एका ओळीत तीन वेगवेगळी कामं कोंबली आहेत, आणि तिन्हींना वेगवेगळ्या घरातली क्रियापदं लागतात.

माणसं सांभाळण्याची क्रियापदं

| शब्द | मराठीत शेपटी | मुलाखतीत येणारा प्रश्न |
|---|---|---|
| सुपरवाइज्ड | रोज उभं राहून करून घेतलं | एका शिफ्टला किती जण होते? |
| मॅनेज्ड | माणसं, पैसा किंवा वेळ यांचे निर्णय घेतले | रजा कोण मंजूर करायचं? बजेट किती होतं? |
| लेड | ठरलेल्या कामासाठी पुढे होऊन सगळ्यांना नेलं | काम कुठलं, आणि ते पूर्ण झालं का? |
| कोऑर्डिनेटेड | हाताखाली नसलेल्यांना जुळवून आणलं | कोणाकोणाला, आणि कशासाठी? |

आपल्या सुपरवायझरच्या शिफ्टमधली रजा फॅक्टरी मॅनेजर मंजूर करतो, पगारही तोच ठरवतो. म्हणजे ‘मॅनेज्ड’ लिहिलं तर दुसऱ्याच प्रश्नाला तो अडकेल. ‘सुपरवाइज्ड’ हा त्याचा खरा शब्द. तो खालच्या दर्जाचा वाटतो म्हणून अनेक जण टाळतात, पण ‘९ कामगार, १२ माग, रात्रपाळी’ हे शेजारी आलं की तो शब्द भक्कम उभा राहतो. ‘लेड’ त्यानं एकाच ठिकाणी वापरावा. समजा, नवीन माग आले तेव्हा चार कामगारांना पंधरा दिवसांत त्यावर तयार करण्याचं काम त्याच्यावर सोपवलं होतं आणि त्यानं ते पार पाडलं. त्या कामाला सुरुवात होती, शेवट होता आणि तो पुढे होता. त्यातही मुख्य भाग शिकवण्याचा असेल तर ‘ट्रेन्ड’ हा शब्द ‘लेड’पेक्षा नेमका आहे.

डाइंगवाले, शिलाईवाले आणि ट्रान्सपोर्टवाले यांच्याशी फोनाफोनी करून माल वेळेत लावणं हे ‘कोऑर्डिनेटेड’. यांपैकी कुणीच त्याच्या हाताखाली नाही, म्हणून इथे ‘लेड’ खोटा ठरतो. ‘स्पिअरहेडेड’ हा शब्द याद्यांत हमखास वर असतो. एखाद्या मोहिमेच्या अगदी आघाडीवर तुम्हीच होतात, असं तो सांगतो. तीन वर्षांच्या अनुभवात असं एखादंच काम असू शकतं. प्रत्येक ओळीत तो आला की वाचणारा बाकीच्या ओळींवरही शंका घेतो.

तपासणी आणि विश्लेषणाची क्रियापदं

सगळ्यात जास्त घोळ याच घरात होतो, कारण ‘ॲनलाइज्ड’ हा शब्द नोंदवहीत आकडे भरण्यापासून मूळ कारण शोधण्यापर्यंत सगळ्यावर चिकटवला जातो. खरं तर इथे चार पायऱ्या आहेत. आकडे लिहून ठेवले तर ‘रेकॉर्डेड’ किंवा ‘ट्रॅक्ड’. दोन ठिकाणचे आकडे ताडून फरक मिटवला तर ‘रिकन्साइल्ड’. आकड्यांची फोड करून त्यातून काहीतरी अर्थ काढला तर ‘ॲनलाइज्ड’. आणि नेमका दोष शोधून काढला तर ‘आयडेंटिफाइड’. अकाउंटवाल्यांसाठी यातला ‘रिकन्साइल्ड’ फार कामाचा आहे. बँकेचं स्टेटमेंट आणि टॅलीतली नोंद जुळवणाऱ्यानं ‘ॲनलाइज्ड’ लिहिलं तर आपलंच कसब तो झाकतो.

आता आपल्या कारखान्यातलं काम बघू. आठवड्याला २,५०० टॉवेल निघतात आणि त्यातले १५० दोष निघाल्यानं सेकंडच्या मालात जातात, म्हणजे ६ टक्के. सुपरवायझरनं सेकंडचा माल मागवार मोजला. बारापैकी दोनच मागांवरून ८४ नग येत होते, उरलेल्या दहांवरून मिळून ६६. त्या दोन मागांचे टॉवेल समोर ठेवले तेव्हा दोषही एकाच जातीचा दिसला: लूप कुठे उंच, कुठे बसलेले. टेरीच्या मागावर दोन बीम असतात, एक ग्राउंडचा आणि एक पाइलचा. पाइलच्या बीमचा ताण सैल ठेवतात म्हणून तर लूप उभे राहतात; तो ताण कमीजास्त झाला की लूप एकसारखे येत नाहीत. त्यानं माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला सांगितलं, जॉबरनं दोन्ही मागांचा ताण नीट बसवला. पुढे त्या दोन मागांवरून ८४ ऐवजी २४ नग येऊ लागले. एकूण सेकंड ९०, म्हणजे ३.६ टक्के.

यावर कुठलं क्रियापद? पहिला मोह ‘रिड्यूस्ड’चा होतो, कारण त्यामागे आकडा छान दिसतो. पण ताण बसवला जॉबरनं. मुलाखत घेणारा टेक्स्टाइलचा असेल तर ‘काय बदललंस?’ असं विचारेल आणि उत्तर ‘जॉबरला सांगितलं’ असं निघेल. ‘ॲनलाइज्ड’ खरा आहे, पण अर्धवट, कारण त्यात काय सापडलं हे येत नाही. ‘आयडेंटिफाइड’ इथे बरोबर बसतो. ओळीचा आशय असा होईल: आयडेंटिफाइड, निम्म्याहून जास्त सेकंड देणारे २ माग (१५० पैकी ८४ नग), पाइल बीमचा ताण दुरुस्त झाल्यावर सेकंड ६ टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर. शोध त्याचा, दुरुस्ती झाली हे नमूद, आकडा जागेवर. जॉबरचं श्रेय लाटलेलं नाही आणि स्वतःचंही सोडलेलं नाही.

आकड्याबाबत एक जपायचं. ६ वरून ३.६ म्हणजे सेकंडचे नग ४० टक्क्यांनी घटले, हे गणित बरोबर आहे. पण नुसतं ‘४० टक्के घट’ लिहिलं की वाचणाऱ्याला आधी किती होतं ते कळत नाही. दोन्ही टोकांचे आकडे द्या. आणि त्याच आठवड्यात सूत बदललं असेल किंवा टॉवेलचा साइज बदलला असेल तर घट कशामुळे झाली हे ठामपणे सांगता येणार नाही. मग ओळ शोधापाशीच थांबवा.

उभारण्याची क्रियापदं

रिपोर्टिंगचं काम म्हणजे त्यानं वहीतली नोंद एक्सेलमध्ये आणली. तारीख, शिफ्ट, माग क्रमांक, दोषाचा प्रकार, नग असे पाच रकाने, आणि मागवार बेरीज. इथे ‘डिझाइन्ड’ आणि ‘बिल्ट’ यांत निवड करायची आहे. रकाने कोणते असावेत हे ठरवलं एवढंच असेल तर ‘डिझाइन्ड’. शीट तयार करून ती रोज वापरात आली असेल तर ‘बिल्ट’. ‘डिझाइन्ड’ ऐकायला मोठा वाटतो, पण कागदावर राहिलेल्या गोष्टीलाही तो लागतो. ‘बिल्ट’ला वस्तू हातात लागते. आपल्या माणसाचा शब्द ‘बिल्ट’.

तो ‘ऑटोमेटेड’ लिहू शकेल का? कसोटी सोपी आहे: आधी हातानं होणारी कुठली पायरी आता कुणीच करत नाही? बेरीज सूत्रानं होते, पण नोंद अजून हातानंच भरावी लागते. तेव्हा पूर्ण रिपोर्टला हा शब्द लावता येणार नाही. कंपनीनं विकत आणलेलं सॉफ्टवेअर शिफ्टमध्ये सुरू करून दिलं असेल तर ‘इम्प्लिमेंटेड’. ते ‘डेव्हलप्ड’ नव्हे. हा फरक आयटीत जाऊ पाहणाऱ्यांना तर फारच महाग पडतो, कारण ‘डेव्हलप्ड’ वाचलं की समोरचा कोड मागतो. कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टवाल्यांनी ‘बिल्ट’ जरूर लिहावं, पण चौघांपैकी आपला भाग कोणता तेवढा सांगून. एक सर्किट बोर्ड तुमचा असेल तर बोर्डच लिहा, अख्खं यंत्र नको.

आता तीन ओळी समोर आहेत: सुपरवाइज्ड, आयडेंटिफाइड, बिल्ट. क्रम अर्जाप्रमाणे बदलायचा. क्वालिटीच्या जागेसाठी ‘आयडेंटिफाइड’ वर, प्रॉडक्शनच्या जागेसाठी ‘सुपरवाइज्ड’ वर. क्रियापद ओळीचा पहिलाच शब्द हवा. आपल्या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मनात मराठी घोळत असलं की इंग्रजीतही कामाचा तपशील आधी आणि कृती मागे राहते. रेझ्युमे वाचणाऱ्याची नजर मात्र डावी कड धरून खाली उतरते. ‘आय’ लिहू नका. सोडलेल्या नोकरीतलं सगळं भूतकाळात. चालू नोकरीत रोजचं काम वर्तमानात आणि संपलेलं काम भूतकाळात. म्हणजे आपला माणूस अजून तिथेच असेल तर ‘सुपरवाइज’, पण ‘बिल्ट’.

अर्ज पाठवण्याआधी ‘लेड’ एकदा डोळ्यांनी तपासा. भूतकाळाचं स्पेलिंग तीन अक्षरी आहे: एल, ई, डी. मध्ये ए घातला तर तो वर्तमानकाळ होतो किंवा शिसं हा धातू, आणि तोही इंग्रजीतला खरा शब्द असल्यानं स्पेलचेक बहुतेक वेळा खाली लाल रेघ ओढत नाही.