‘यक दस्त सेदा नदारद’: पर्यायी म्हण की स्पष्टीकरण?

या फारसी म्हणीचा शब्दशः अर्थ ‘एका हाताला आवाज नसतो’. लगेच ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ सुचतं, आणि इथेच अनुवाद फसतो. फारसीत ती मदतीला बोलावताना म्हणतात. आपल्याकडे भांडणात दोष दोघांचा, हे सांगताना. २०१९च्या महापुरानंतर कोल्हापूरच्या शाहूपुरीत गाळ काढणाऱ्यांना कुणी हे म्हटलं असतं, तर ‘कोण भांडलं?’ असंच लोकांनी विचारलं असतं.

अर्थाने जवळची म्हण ‘गाव करी ते राव न करी’. संवाद वेगाने चालला असेल तर मी हीच घेईन. वाचक अडत नाही. पण तिच्यात राव येतो, गाव येतं आणि हात नाहीसा होतो. पात्र म्हण उच्चारताना हात पुढे करत असेल, किंवा ‘मग हा घे माझा दुसरा’ असं उत्तर येत असेल, तर ही अदलाबदल चालणार नाही. तिथे म्हण शब्दशः ठेवून वाक्यातच उलगडावी: “एका हाताला कुठला आवाज? तूही ये.” तळटीपही लागत नाही.

फारसी म्हणीत ‘कतरे कतरे’ने, म्हणजे थेंबाथेंबाने, दर्या होतो, तिथे मात्र ‘थेंबे थेंबे तळे साचे’ बिनधास्त वापरावं.