मोबाईलची क्लिप-लेन्स आणि भाताची रोगट पानं: जुलै ते ऑक्टोबर वापरल्यानंतर

गेल्या खरिपात मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिमट्यासारखी बसणारी मॅक्रो लेन्स घेतली. कुडाळकडे आमची थोडी खलाटी आहे, थोडी वरची जमीन. पान पिवळं-तांबूस दिसलं की आमच्याकडे सगळ्यालाच 'करपा' म्हणतात आणि पंप पाठीवर चढतो. ते थांबावं एवढ्याच हेतूनं घेतली. चार महिन्यांनी सांगतो, लेन्स उपयोगी आहे, पण फोटो रोपाच्या कुठल्या भागाचा काढता त्यावर निम्म्याहून जास्त निदान ठरतं.

लावणीनंतर साधारण तीन आठवडे झाले होते. खाडीच्या बाजूच्या कुणग्यात, जिथं पाणी कायम साचतं, तिथं मधल्या पट्ट्यातली रोपं खुजी राहून तांबूस पडली. शेजारचे काका बांधावरून म्हणाले, "करपो इलोसा दिसता, उद्याच औषध मार." मी बांधावरून काढलेला फोटोही तेच सांगत होता. मग चिखलात उतरून एका चुडाचे तीन फोटो घेतले: सर्वांत जुन्या पानाचा, नव्या पानाच्या बुंध्याकडचा आणि पाण्यालगत खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणाचा. जुन्या पानावर गंजासारखे बारीक ठिपके होते, पण त्यांना राखाडी पोट नव्हतं, की ठरावीक आकार नव्हता. नव्या पानाच्या फोटोत मात्र मधली शीर बुंध्याकडे फिकट, जवळजवळ पांढरी पडलेली स्पष्ट दिसली. आवरण स्वच्छ होतं. ही जस्ताची कमतरता. पाणी सतत साचून राहिलं की मातीतलं जस्त मुळांना मिळेनासं होतं, म्हणून ती सखल पट्ट्यात आधी दिसते.

कुणग्यातलं पाणी काढलं. दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरलेल्या चुन्याची निवळी घालून फवारणी केली. चुना सोडू नका, नुसत्या झिंक सल्फेटनं पानं भाजतात. नंतर जुन्या पानांकडे बघून घाबरू नये, त्यांचे ठिपके जात नाहीत. मी खुणेची काठी रोवून त्याच चुडाच्या नव्या पानाचा फोटो काढत राहिलो. साधारण दहा दिवसांनी आलेलं पान बुंध्यापासून हिरवं होतं.

खरा करपा पुढच्या महिन्यात वरच्या जमिनीत आला, ढगाळ हवा आणि पहाटेचं दव असताना, तेही युरिया जरा जास्त पडलेल्या कोपऱ्यात. लेन्सचे पैसे इथं वसूल झाले. पानावरचा डाग दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. साध्या कॅमेऱ्यात तो नुसता तपकिरी दिसत होता. पण डाग अगदी कोवळा, टाचणीच्या डोक्याएवढा असेल तर फोटोवरून काहीच ठरवू नका. त्याच पानाला दोरा बांधा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढा. डाग लांबून टोकदार झाला तर करपा.

सप्टेंबरात पोटरीच्या सुमारास मात्र मीच चुकलो असतो. दाट वाढलेल्या भातात वरच्या पानांवर राखाडी-तपकिरी डाग होते आणि वरून काढलेल्या फोटोत तो करपाच वाटत होता. चूड हातानं बाजूला करून पाण्याच्या रेषेपाशी मोबाईल नेला तेव्हा आवरणावर दोन-तीन सेंटिमीटरचे लांबट डाग एकमेकांत मिसळलेले दिसले, सापाच्या कातीसारखे. शेजारच्या चुडावर, जिथं पानं एकमेकांना टेकली होती, तिथंही तेच. आवरणावर मोहरीएवढे तपकिरी दाणे सैल चिकटलेले होते. म्हणजे पर्णकोष करपा. नुसता करपा पानावर सुरू होऊ शकतो, हा खालून वर चढतो, म्हणून पाण्यालगतचा फोटो मी आता कधीच सोडत नाही. त्या कुणग्याचा युरियाचा शेवटचा हप्ता थांबवला आणि फवारणीचा नोझल वरून न धरता चुडाच्या बुंध्यावर धरला.

लेन्सच्या तक्रारी: पावसात काच धुकट होते, म्हणून खिशात कोरडं फडकं लागतं. कव्हर काढल्याशिवाय चिमटा नीट बसत नाही. जरा हात हलला की डाग अस्पष्ट, त्यामुळे मी पान तळहातावर ठेवून पाच-सहा फोटो घेतो. पानावरचं पाणी आधी टिपा, थेंबाखालचा डाग मोठा आणि वेगळ्याच आकाराचा दिसतो. छत्रीच्या सावलीत रंग खरे येतात.

एका ठिकाणी फोटो पुरला नाही. जांभ्याच्या उतारातून झिरपणाऱ्या पाण्याच्या कुणग्यात खालच्या पानांवर जस्तासारखेच बारीक तपकिरी ठिपके आले, पण शेंड्याकडून बुंध्याकडे पसरत होते आणि नव्या पानाची शीर हिरवी होती. शेवटी उत्तर पाण्यानं दिलं. त्यावर तांबूस, तेलकट दिसणारा पापुद्रा होता आणि काडीनं ढवळला की त्याचे तुकडे पडत होते. लोह जास्त झालं होतं. तिथं जस्त फवारून उपयोग नव्हता, पाट काढून पाणी बाहेर सोडलं.