एसडी लिहायचं की एसई?

परवा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी भाची प्रबंधातलं निकालांचं प्रकरण घेऊन आली. मुलींच्या हिमोग्लोबिनचे दोन गट होते, प्रत्येकी २५ मुली. पहिल्याची सरासरी ११.२, दुसऱ्याची १२.०. पुढे ± ०.३ असं लिहिलेलं, ते ०.३ म्हणजे काय, हे कुठेच नव्हतं.

"मावशी, सीनिअर म्हणतात एसई घे, आकडे नेटके दिसतात."

नेटके दिसतात, पण त्यांचं उत्तर वेगळ्याच प्रश्नाचं आहे. तिच्या दोन्ही गटांत प्रमाण विचलन, म्हणजे एसडी, १.५ होतं. वितरण साधारण घंटेसारखं असेल, तर पहिल्या गटातल्या दोनतृतीयांश मुली ९.७ ते १२.७ च्या दरम्यान सापडतील. ११.२ ± ०.३ वाचणाऱ्याला मात्र वाटेल की बहुतेक मुली ११ च्या आसपासच आहेत. प्रमाण त्रुटी, म्हणजे एसई, मुलींबद्दल बोलतच नाही. असाच नमुना पुन्हा पुन्हा घेतला तर सरासरी किती हलेल, एवढंच ती सांगते.

SE = SD / √n

n म्हणजे गटातल्या मुलींची संख्या. २५ चं वर्गमूळ ५, म्हणून १.५ ला ५ ने भागलं की ०.३. मुली २५ ऐवजी १०० घेतल्या, तर एसई ०.१५ वर येते; एसडी १.५ च्या आसपासच राहते, कारण जास्त मुली मोजल्या म्हणून त्यांच्यातला फरक कमी होत नाही. म्हणून नमुन्याचं वर्णन करणाऱ्या तक्त्यात मी एसडीच लिहायला सांगते, शेजारी n. त्यावरून एसई कोणीही काढू शकतो. आकडे एका बाजूला फार कलले असतील तर एसडीही फसवते. तिथे मध्यक आणि चतुर्थके द्यावीत.

तुलनेत खरी गफलत होते. तिच्या आलेखात एसईच्या रेषा एकमेकींना शिवत नव्हत्या: एक ११.५ ला संपते, दुसरी ११.७ ला सुरू होते. "म्हणजे फरक सिद्धच झाला ना?" नाही. सरासरींमधला फरक ०.८. त्या फरकाची स्वतःची एसई दोन्ही एसईंच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की मिळते, ०.४२४. ०.८ ला या एसईनं भागलं तर टी हे गुणोत्तर येतं १.८९; ५ टक्के पातळीला फरक सिद्ध मानायला इथे ते साधारण २.०१ हवं. एसडीच्या रेषा काढल्या असत्या तर त्या एकमेकींवर भरपूर चढल्या असत्या, पण त्यावरूनही फरक नाही असं म्हणता येत नाही.

म्हणजे तुलनेसाठी एसई लागतेच, पण फरकाची, आणि ९५ टक्के विश्वासांतरात, म्हणजे खरा फरक जिथे असू शकतो त्या पट्ट्यात, मांडलेली. भाचीचं विश्वासांतर उणे ०.०५ ते १.६५ आलं. शून्य जेमतेम आत आहे, पण दीड एककाचा फरकही शक्य आहे. "फरक नाही" असं लिहिलं असतं तर ही दुसरी बाजू हरवली असती.

मग तिनं तक्त्याच्या मथळ्यात "सरासरी (एसडी), n = २५" असं घातलं, प्रत्येक ± खोडला आणि फरकाचं विश्वासांतर खाली वेगळ्या ओळीत दिलं.