थकलेल्या पेमेंटची आठवण: मूळ मेल आणि दुरुस्त मेल, कोणता पाठवाल?

अंबड एमआयडीसीतलं एक छोटं सीएनसी युनिट. सिन्नरच्या एका वेंडरसाठी बुश टर्निंगचं जॉबवर्क करतं आणि तो वेंडर पुढे मोठ्या कंपनीला माल देतो. पीओवर स्पष्ट लिहिलंय, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पेमेंट. मे महिन्याची दोन बिलं अडकली आहेत, फोनवर दर वेळी "पुढच्या आठवड्यात करतो" एवढंच ऐकायला मिळतं. 8 जुलैला मालकांनी हा मेल लिहून ठेवला होता:

विषय: पेमेंटबाबत

आदरणीय साहेब, आपल्याला वारंवार त्रास देत आहे त्याबद्दल क्षमस्व. आमचं पेमेंट बऱ्याच दिवसांपासून बाकी आहे. दर वेळी फोनवर पुढच्या आठवड्यात म्हणता, पण आम्हालाही कामगारांचे पगार आणि लाइटबिल आहे. तीन बिलांचे मिळून 1,46,320 रुपये लवकरात लवकर द्यावेत, नाहीतर आम्हाला वेगळा विचार करावा लागेल. सहकार्य असू द्यावे.

आणि दुरुस्त करून हा झाला:

विषय: बिल क्र. 112 व 118, मुदत संपलेली रक्कम 1,10,920 रुपये, पेमेंटची तारीख कळवावी

नमस्कार साहेब,
आपल्या पीओनुसार माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांत पेमेंट अपेक्षित आहे. खालील दोन बिलांची मुदत संपली आहे.
बिल 112: माल पोच 7 मे, रक्कम 48,380 रुपये, देय तारीख 21 जून.
बिल 118: माल पोच 15 मे, रक्कम 62,540 रुपये, देय तारीख 29 जून.
दोन्ही बिले मे महिन्याच्या जीएसटीआर-1 मध्ये भरली आहेत. शिक्का मारलेली चलने सोबत जोडली आहेत. मालाबद्दल आपली कोणतीही लेखी तक्रार आमच्याकडे आलेली नाही.
टीडीएस वजा करून ही रक्कम 15 जुलैपर्यंत जमा करावी आणि यूटीआर नंबर कळवावा. काही कागद कमी असल्यास 10 जुलैपर्यंत सांगावे, त्याच दिवशी पाठवतो.
बिल 131 ची मुदत 25 जुलैला आहे, ते या रकमेत धरलेले नाही.

दोन्ही मेल शेजारी ठेवून पाहिले की सगळ्यात मोठा फरक रकमेत दिसतो. मूळ मेलमध्ये 35,400 रुपयांचं तिसरं बिलही मोजलं होतं. त्याचा माल 10 जूनला पोचला, म्हणजे 8 जुलैला ते देय झालंच नव्हतं. समोरच्या अकाउंट्सवाल्याला हवं असलेलं कारण इथेच मिळतं. तो एकच ओळ लिहितो, "तुमची रक्कम आमच्या लेजरशी जुळत नाही, स्टेटमेंट पाठवा", आणि आणखी दहा दिवस निघून जातात. मुदत न झालेलं बिल बाजूला काढलं की मागणी कमी होते, पण तिला नाही म्हणायला जागा उरत नाही. टीडीएसचा उल्लेखही त्याचसाठी. जॉबवर्कवर कापला जाणारा टीडीएस जीएसटी सोडून मूळ रकमेवर निघतो. मालक प्रोप्रायटर असल्याने तो 1 टक्का, म्हणजे या दोन बिलांवर 94,000 चे 940 रुपये. जमा होतील 1,09,980. हे आधीच लिहिलं की नंतर "कमी का आले" हा वाद उरत नाही.

जीएसटीआर-1 ची ओळ पाठवण्याआधी स्वतः पडताळा. लहान युनिटं बऱ्याचदा तिमाही रिटर्न भरतात आणि आयएफएफमध्ये, म्हणजे तिमाहीच्या मधल्या महिन्यांची बिलं भरायच्या सोयीत, महिन्याची बिलं टाकायची राहून जातात. मग मे महिन्याचं बिल वेंडरच्या 2बी मध्ये, म्हणजे त्याला मिळणाऱ्या जीएसटी क्रेडिटच्या यादीत, तिमाही जीएसटीआर-1 भरल्यावरच, म्हणजे जुलैत, दिसतं. बिल दिसत नाही म्हणून पेमेंट होल्डवर पडतं आणि फोनवर मात्र कुणी नीट सांगत नाही. तसं झालं असेल तर ही ओळ मेलमध्ये चालणार नाही. आधी बिल भरा, मग मेल पाठवा.

आता भाषेकडे येऊ. "त्रास देत आहे, क्षमस्व" ही ओळ मी काढायला लावली. आपलं झालेलं काम आणि आपली मुदत यात माफी मागण्यासारखं काहीच नाही, आणि माफीने सुरू झालेल्या मेलला घाई नसते. पगार आणि लाइटबिलही काढलं. ते खरंच आहे, मलाही ते वाचून वाईट वाटलं, पण समोरचा माणूस त्याला उत्तर देऊ शकत नाही. तो तारखेला उत्तर देऊ शकतो. "वेगळा विचार करावा लागेल" यात नक्की काय करणार ते सांगितलेलं नाही, त्यामुळे ती पोकळ धमकी ठरते आणि संबंध मात्र बिघडतात. फोनवरच्या आश्वासनाचा टोमणाही गेला. नम्रपणा "नमस्कार साहेब" आणि "कागद कमी असल्यास सांगावे" यात पुरेसा आहे.

खरा निर्णय पुढे आहे: याच मेलमध्ये कायदा घालायचा का? एमएसएमईडी कायदा 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. पीओवर 90 दिवस लिहिले तरी ते चालत नाहीत. करारच नसेल तर ही मुदत 15 दिवसांवर येते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असंच धरलं जातं, म्हणून मेलमध्ये "लेखी तक्रार आलेली नाही" हे वाक्य ठेवलंय. मात्र हक्क सांगण्याआधी दोन गोष्टी बघा. माल देण्याआधी उद्यम नोंदणी झालेली असावी, आणि धंदा उत्पादन किंवा सेवेचा असावा. नुसत्या ट्रेडिंगला हे संरक्षण मिळत नाही.

पहिल्या लेखी मेलमध्ये कलमं नकोत, असं माझं मत. वेंडर चालू आहे, पुढची पीओ येणार आहे, आणि कलम दिसलं की मेल खरेदी विभागाकडून उठून त्यांच्या सीएकडे किंवा वकिलाकडे जातो. सहीखाली उद्यम क्रमांक टाका, तेवढ्यावरून त्यांच्या सीएला पुढचं कळतं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु असेल तर मुदत उलटूनही आर्थिक वर्ष संपेपर्यंत न दिलेल्या पेमेंटचा खर्च आयकरात त्या वर्षी धरता येत नाही, हे त्याला पाठ असतं.

कायद्यासह मेल पहिल्याच फेरीत पाठवावा असा प्रसंग एकच: त्यांच्याशी काम संपलंय आणि फोनही उचलले जात नाहीत. एरवी 15 जुलै उलटू द्या. 16 तारखेला याच मेलवर रिप्लाय करा, खरेदीप्रमुखांना सीसी ठेवा आणि एवढंच जोडा: "8 जुलैच्या मेलला उत्तर मिळालेले नाही. एमएसएमईडी कायदा 2006 च्या कलम 15 व 16 नुसार देय तारखेपासून व्याज लागू आहे. 25 जुलैपर्यंत मूळ रक्कम न मिळाल्यास आम्ही फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज दाखल करू." ही कौन्सिल म्हणजे थकलेल्या पेमेंटचे वाद सोडवणारी सरकारी यंत्रणा. इथे मात्र जे लिहिलं ते करायची तयारी हवी. अर्जाला लागणारी पीओ, बिलं, चलनं आणि हे दोन्ही मेल एका फोल्डरमध्ये आधीच काढून ठेवा.