रद्द केलेले १८,००० रुपये : पैसे काढताना येणाऱ्या 'Cancel' बटणाबद्दल

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तयार मालाचा हिशेब लिहिणारा एक तरुण. शुक्रवारी रात्री पावणेअकराला त्याने मोबाइलवरच्या एका परदेशी कॅसिनो साइटवरून १८,००० रुपये काढायला टाकले. आठवडाभरात त्याने घातले होते पाचशेचे चार हप्ते, म्हणजे २,००० रुपये. रविवारी पहाटे चारच्या आत ते १८,००० तर गेलेच, वर खात्यातले आणखी ४,००० गेले. मधल्या २९ तासांत त्याच्या खात्याला कोणी हात लावला नाही, ओटीपी चोरला नाही, लिंक पाठवली नाही. जे झालं ते त्या साइटवरच्या एका बटणामुळे झालं. या बटणाला त्या धंद्यात रिव्हर्स विड्रॉवल म्हणतात. काढायला टाकलेले पैसे हातात पडायच्या आधी ते परत खेळात ओढता येतात, एवढंच ते काम करतं.

हे चालतं कसं ते नीट बघा. पैसे काढायची विनंती टाकली की शिल्लक लगेच कमी दिसते आणि विनंतीसमोर Pending असं येतं. आपल्याला वाटतं, चला, पैसे निघाले, बँकेत अडकलेत. पैसे मात्र तिथून हललेलेच नसतात. साइटने ते आपल्याच तिजोरीत एका खणातून काढून दुसऱ्या खणात ठेवलेले असतात. चोवीस, अठ्ठेचाळीस, काही ठिकाणी बहात्तर तास ते तिथेच राहतात आणि तेवढा सगळा वेळ शेजारी Cancel Withdrawal हे बटण चालू असतं. विनंती Processing मध्ये गेली की बटण जातं. म्हणून तिला Pending मध्ये जितकं जास्त ठेवाल तितका साइटचा फायदा.

विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "बँकेची सुट्टी आहे", "शनिवार-रविवार व्यवहार होत नाहीत". हे साफ खोटं आहे. यूपीआय आणि आयएमपीएस दिवसरात्र चालतात, आणि एनईएफटीसुद्धा १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही सुरू आहे. तुम्ही ५०० रुपये भरता ते रविवारी रात्री दोन वाजताही दहा सेकंदांत त्यांच्याकडे जमा होतात. ओळख पडताळणीला थोडा वेळ लागू शकतो हे मान्य. पण त्या पडताळणीसाठी पैसे परत खेळायला मोकळे ठेवायची काही गरज नाही. पडताळणी होईपर्यंत रक्कम कुलूपबंद ठेवता येते आणि काही साइट मागितल्यावर तसं करूनही देतात. म्हणजे सोय आहे, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. उलट रद्द करायचं बटण न मागता समोर येतं.

पैसे खरंच निघालेत की नाही हे ओळखायची खूण एकच : संदर्भ क्रमांक. यूपीआय किंवा आयएमपीएसने पैसे सुटले की बारा आकडी क्रमांक तयार होतो. साइट तो देत नसेल, नुसता स्वतःचा विनंती क्रमांक दाखवत असेल, तर बँकेपर्यंत काही पोहोचलेलं नाही.

आता त्या तरुणाच्या दोन रात्री. शनिवारी दुपारपासून साइटचे संदेश सुरू झाले. मजकूर साधाच : तुमचे १८,००० अजून खात्यात आहेत, रद्द करून खेळा. संध्याकाळी त्याने सगळे नाही, फक्त ३,००० परत घेतले, कारण या बटणात रक्कम निवडायचीही सोय होती. इथे खरी मेख आहे. "पंधरा तर सुरक्षित आहेत" असं वाटतं आणि पहिला दरवाजा उघडतो. शंभर रुपयांचा एक डाव लावत ते ३,००० अर्ध्या तासात संपले. मग ते भरून काढायला ५,००० परत घेतले. तेही साडेअकरापर्यंत गेले.

उरले १०,०००. त्या वेळी पडद्यावर आलं : उरलेली विनंती रद्द करा, २० टक्के बोनस मिळवा. त्याने रद्द केली, २,००० जास्त मिळाले, शिल्लक झाली १२,०००. अटीत लिहिलं होतं, मूळ रक्कम आणि बोनस मिळून तीस पट खेळल्याशिवाय काही काढता येणार नाही, आणि एका डावाला पन्नास रुपयांच्या वर लावायचे नाहीत.

हा हिशेब कागदावर मांडायलाच हवा. बारा हजारांच्या तीस पट म्हणजे ३,६०,००० रुपयांचे डाव. स्लॉटचा, म्हणजे बटण दाबून चाकं फिरवायच्या खेळाचा, जाहीर केलेला परतावा ९६ टक्के धरला, तर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी चार रुपये साइटला जातात. ३,६०,००० वर चार टक्के म्हणजे १४,४००. हातात आहेत १२,०००. अट पुरी होईपर्यंत सरासरीने जाणारी रक्कम शिलकीपेक्षा जास्त आहे, म्हणजे बहुतेक खेळणारे अट पुरी व्हायच्या आधीच शून्यावर येणार. आणि पन्नास रुपयांच्या डावाने ३,६०,००० म्हणजे ७,२०० डाव. एका डावाला पाच सेकंद धरले तरी दहा तास, एका मिनिटाचाही खंड न पडता. रात्री बाराला सुरू केलेला माणूस सकाळी दहापर्यंत बटण दाबत राहील तेव्हा कुठे पैसे काढायचा हक्क परत येईल. जो हक्क त्याच्याकडे बोनस घेण्यापूर्वी होताच.

पहाटे सव्वातीनला शिल्लक संपली. त्यानंतर त्याने पगाराच्या खात्यातून दोन-दोन हजार दोनदा भरले. तेही गेले.

बोनस नसता तरी बटणाने आपलं काम केलंच असतं, कारण ते आपल्या सवयीच्या बरोबर उलट चालतं. पैसे भरायचे तर यूपीआय उघडावं लागतं, पिन टाकावा लागतो, बँकेचा मेसेज येतो, खात्यात किती उरले ते दिसतं. एवढ्या पायऱ्यांवर कुठेतरी माणूस थांबतो. किराणा, घरभाडं, पोरांची फी यांपैकी काहीतरी आठवतं. पैसे रद्द करून परत घ्यायला यातलं काहीच लागत नाही. ना पिन, ना ओटीपी, ना बँकेचा मेसेज. बायकोने बँकेचे मेसेज स्वतःच्या नंबरवर लावून घेतले असले तरी तिला काही कळत नाही. पुरुषांचा हा प्रकार सोलापुरात असाच लपून राहतो : बायको पासबुक बघते आणि तिला वाटतं, फार तर पाच-सहा हजार गेले.

आणि पासबुक खरंच तसंच सांगतं. त्या तरुणाच्या खात्याची नोंद काढली तर दिसतात सहा व्यवहार : चार पाचशेचे, दोन दोन हजारांचे. एकूण ६,००० बाहेर गेले, आत एक रुपया आलेला नाही. ते १८,००० बँकेच्या लेखी कधी जन्मलेच नाहीत. तक्रार करायला गेलं की हीच अडचण समोर येते. साइटच्या नोंदीत रद्द केलेल्या प्रत्येक विनंतीपुढे "ग्राहकाने रद्द केली" असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. फसवणूक बटण कोणी दाबलं यात नाही. ते बटण इतके तास, जागरणाच्या वेळी, माणसासमोर का उघडं ठेवलं यात आहे.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने ही सोय २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात आधी थांबवायला सांगितली आणि पुढच्या वर्षी परवानाधारक कंपन्यांना ती कायमची बंद करायला लावली. ३१ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे ऑनलाइन जुगारात विनंती उलटवता येत नाही. म्हणजे हे बटण नसलं तरी धंदा चालतो, हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे पैसे फिरवणं यांवरच बंदी घातली. त्यामुळे आज जी साइट तुम्हाला हे बटण दाखवते ती बहुधा परदेशात बसलेली, इथल्या कोणत्याही नियमाला न बांधलेली असते. तिच्याकडून पैसे अडले तर दाद मागायला इथे कुठला नियामक नाही. सुटले तरी ते अनेकदा कुणा तिऱ्हाईताच्या भाड्याच्या खात्यातून येतात, आणि त्या खात्यावर सायबरची तक्रार असेल तर तुमच्या खात्यावरही रक्कम गोठवली जाऊ शकते. तिथे पैसे न टाकणं हाच एक पक्का उपाय आहे, आणि ज्यांनी अजून टाकले नाहीत त्यांच्यासाठी तेवढाच पुरे.

पण ज्यांचे पैसे आत्ता, या क्षणी Pending मध्ये आहेत त्यांच्यासाठी. आधी विनंती क्रमांक, रक्कम, तारीख-वेळ एका चित्रात येईल असा स्क्रीनशॉट घ्या. मग साइटच्या चॅटवर लेखी मागा : ही विनंती लॉक करा, मला ती रद्द करायची नाही. काही जण याला फ्लश करणं म्हणतात, तो शब्द वापरला तर लवकर समजतं. उत्तर काय येतं त्याचाही फोटो ठेवा. त्यानंतर लॉग आउट करून अ‍ॅप काढून टाका, त्यांचे संदेश ब्लॉक करा, आणि पासवर्ड घरातल्या कोणाला तरी बदलायला सांगा, तो तुम्हाला न सांगता. पैसे आले की नाही हे बघायला साइट उघडायची गरज नाही, बँकेचं खातं बघा. "आधी कर भरा", "प्रोसेसिंगचे तीन हजार भरा, मग सोडतो" असं आलं तर ते पैसेही त्याच खड्ड्यात जाणार. खरा कर काढायच्या रकमेतून कापला जातो, वेगळा मागत नाहीत.

पैसे अडकवले गेले तर १९३० वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. तिथे सांगताना "माझे अठरा हजार गेले" यापासून सुरुवात करू नका, कारण त्याचा एकही बँक व्यवहार तुम्ही दाखवू शकणार नाही. भरलेल्या प्रत्येक रकमेचा बारा आकडी क्रमांक, तारीख आणि ज्या यूपीआय आयडीवर पैसे गेले तो आयडी एका कागदावर लिहून घेऊन बसा. त्या तरुणाच्या बाबतीत ही यादी सहा ओळींची होती, आणि सहा वेळा चार वेगवेगळ्या माणसांच्या नावावर पैसे गेले होते. पोलिसांना पुढे जायला हाच धागा असतो. रात्री झोप येत नसेल, हात सारखा मोबाइलकडे जात असेल, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी नंबर आहे. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.