तीस समूह की एकोणीस मुले?

रत्नागिरीकडच्या एका आरोग्य अधिकाऱ्यांना लसीकरणाच्या झटपट पाहणीसाठी समूह पद्धत घ्यावी की लॉट पद्धत, असा प्रश्न पडला होता.

समूह पद्धतीत लोकसंख्येच्या प्रमाणात ३० गावे किंवा वाड्या निवडून प्रत्येकी १२ ते २३ महिन्यांची ७ मुले, म्हणजे एकूण २१० मुले, पाहतात. लसीकरणाची टक्केवारी साधारण दहा टक्के कमी-जास्त अशा अचूकतेने मिळते, मात्र फक्त संपूर्ण जिल्ह्याची. खाडीपलीकडची उपेक्षित वाडी त्या सरासरीत बुडून जाते. शिवाय शेजारच्याच घरांतली सात मुले बहुधा एकाच अंगणवाडीतली असल्याने त्यांची माहितीही सारखीच निघते.

लॉट पद्धतीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राचे क्षेत्र हा एक लॉट असतो. त्यातून यादृच्छिकपणे १९ मुले घेतात. ८० टक्के लक्ष्य असताना किमान १३ जणांचे लसीकरण पूर्ण असेल, तर ते क्षेत्र उत्तीर्ण ठरते. समजा, एका केंद्रात ११ कार्डेच पूर्ण भरलेली निघाली, तर तिथे लक्ष घालायला हवे एवढेच कळते. इतक्या कमी मुलांवरून तेथील व्याप्ती ५८ टक्के आहे, असे म्हणणे चूक ठरेल. सहा केंद्रांची मिळून ११४च मुले होतात, पण ती डोंगरउतारांवर विखुरलेली असल्याने पायपीट मात्र वाढते, आणि थकलेला कर्मचारी रस्त्यालगतचीच घरे गाठू लागला की निकाल फसवा होतो.

वरिष्ठांना जिल्ह्याचा आकडा द्यायचा असेल, तर समूह पद्धत पुरेशी आहे. पुढच्या महिन्यात पथक कुठल्या केंद्रात धाडायचे हे ठरवायचे असेल, तर मी लॉट पद्धतच सुचवीन.